एक तीसांश

उत्तरपत्रिका शाळेत परत आली तेव्हा पंचशीलाच्या पाचव्या उत्तरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तांबडी रेघ होती. वीसपैकी शून्य. बाजूला लिहिलं होतं : 'अंशात अंश, छेदात छेद मिळवला. प्राथमिक शाळेतील चूक.'

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. विभागीय गणित स्पर्धेत त्या साली पहिल्यांदाच नव्या जिल्ह्याचा वेगळा संघ जाणार होता. सहा मुलांची निवड होणार होती आणि पुढे त्यांना पुण्यात तीन आठवड्यांचं शिबिर होतं. पंचशीला सातवी आली. सहाव्या मुलापेक्षा तिला नऊ गुण कमी होते.

ती रेणापूरहून रोज एसटीने लातूरला शाळेला यायची. नववीत होती. आई पंचफुलाबाई रोजगार हमीच्या कामावर पाझर तलावाची माती उपसायची. दुष्काळाचं तिसरं वर्ष होतं, टँकर यायचा तेव्हा पोरांना पाणी भरता यावं म्हणून शाळाही अर्ध्यावर सुटायची. स्पर्धेची तयारी पंचशीलाने त्या सुटलेल्या दुपारींतच केली होती.

तिच्या गणिताच्या बाई जोहराबाई मूळच्या औशाच्या. वडील जिनगर, घोड्यांची खोगिरं शिवणारे. घराण्यात शिकवायला उभी राहिलेली ही पहिली बाई. त्यांनी उत्तरपत्रिका दोनदा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे कान तापले.

प्रश्न असा होता : अ, ब, क या धन संख्या असतील तर सिद्ध करा की

अ²/(ब+क) + ब²/(क+अ) + क²/(अ+ब) ≥ (अ+ब+क)/2

पंचशीलाने आधी एक छोटा नियम मांडला होता. छेद धन असतील तर

अ²/क्ष + ब²/य ≥ (अ+ब)²/(क्ष+य)

आणि तो तिने सिद्धही केला होता. डावीकडून उजवी बाजू वजा केली की वर (अ·य − ब·क्ष)² उरतो आणि खाली क्ष·य·(क्ष+य). वर्ग कधी ऋण होत नाही, छेद धन आहे, म्हणून डावी बाजू कधीच लहान होणार नाही. मग तोच नियम दोनदा लावून तीन अपूर्णांक एकत्र केले होते. छेदांची बेरीज दोन वेळा (अ+ब+क) येते, वर (अ+ब+क)चा वर्ग, आणि उत्तर समोर. पाऊण पानात काम संपलं होतं.

परीक्षकाने ≥ हे चिन्ह पाहिलंच नव्हतं. त्याला दोन अपूर्णांक दिसले, वरचं वरच्यात आणि खालचं खालच्यात मिळवलेलं दिसलं, आणि रेघ ओढून तो मोकळा झाला. सिद्धतेच्या ओळींवरूनही तीच रेघ गेली होती.

जोहराबाई मुख्याध्यापकांकडे गेल्या. ते म्हणाले, सातवी आली हेच खूप झालं, आणि पुढे या पोरीला सवलती आहेतच की. जोहराबाई काही न बोलता बाहेर आल्या. बोलल्या असत्या तर नोकरी गेली असती, असं त्यांनी नंतर स्वतःच सांगितलं. त्यांनी स्पर्धेच्या समितीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की लातूरच्या तक्रारी जुन्या जिल्ह्याच्या केंद्रात पाठवाव्यात. तिथे पाठवलं तर तिथून आलं, लातूर आता आमच्याकडे नाही. महिना गेला. मग एका ओळखीच्याकडून कळलं की पेपर नांदेडला तपासले होते, शिवमूर्ती नावाच्या प्राध्यापकांनी.

जोहराबाई रेणापूरला पंचफुलाबाईंना विचारायला गेल्या. पोरीला नांदेडला नेते म्हणाल्या. पंचफुलाबाई हातपाय धूत होत्या, तांब्याभर पाण्यात.

"तिचं बरोबर हाय का, बाई?"

"बरोबर आहे."

"मग न्या. हात जोडायला लावू नका तिला तेवढं."

पहाटेच्या गाडीने निघून त्या दोघी दुपारी नांदेडला पोचल्या. शिवमूर्ती सर कॉलेजच्या गणित विभागात एकटेच विद्यापीठाचे पेपर तपासत बसले होते. माणूस उर्मट नव्हता. त्यांनी खुर्च्या दिल्या आणि चहा सांगितला. पण उत्तरपत्रिकेवर नुसती नजर टाकून ते हसले आणि म्हणाले की अशी चूक दर वर्षी शंभर मुलं करतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ग्रामीण भागात पाया कच्चा राहतो, असंही म्हणाले.

जोहराबाईंनी चहा बाजूला सरकवला. "सर, पानावरचं पूर्ण वाचा."

"बाई, संख्या घालून दाखवतो, म्हणजे तिलाही समजेल." ते उठून फळ्यापाशी गेले. अ एक, ब दोन, क्ष दोन, य तीन घेतले. "एकाचा वर्ग भागिले दोन, अधिक दोनाचा वर्ग भागिले तीन. अकरा सहांश. आता हिच्या नियमाने वर तीनाचा वर्ग, खाली पाच. नऊ पंचमांश. आले का सारखे? नाही. नियम चूक."

पंचशीला उठली. ती फळ्यापाशी गेली.

"मी सारखे म्हणलेच न्हाई, सर. डावं मोठं किंवा सारखं म्हणले. चिन्ह बघा."

सरांनी खडू खाली ठेवला. तिने तो उचलला.

"दोन्हीचा छेद तीस करते. अकरा सहांश म्हणजे पंचावन्न तीसांश. नऊ पंचमांश म्हणजे चोपन्न तीसांश. डावं मोठं आलं. किती मोठं, तेपण माझ्या सिद्धतेत आहे. अ गुणिले य तीन, ब गुणिले क्ष चार. फरक उणे एक, त्याचा वर्ग एक. खाली दोन गुणिले तीन गुणिले पाच, तीस. एक तीसांश. तुमच्याच आकड्यांनी आला."

सरांनी फळ्यावरचा हिशेब पुन्हा करून पाहिला. मग टेबलाशी येऊन त्यांनी उत्तरपत्रिका पहिल्या ओळीपासून वाचली. रेघेखालून अक्षरं लावायला त्यांना वेळ लागत होता. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"बरोबर आहे," ते हळू म्हणाले. शून्य खोडून त्यांनी अठरा लिहिले.

"दोन कशाचे कापले?" पंचशीलाने विचारलं.

नियमाचं नाव दिलं नाही, पुस्तकाचा आधार नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. ती म्हणाली की सिद्ध केलं तर आधार कशाला लागतो. त्यांनी वीस केले आणि खाली सही केली. वाढलेले गुण समितीला कळवतो म्हणाले, पण यादी पुण्याला गेली, ती आता आपल्या हातात नाही, हेही सांगितलं.

परतीची गाडी लोह्याच्या थांब्यावर थांबली. तेव्हा पंचशीला म्हणाली, "बाई, त्यांनी मला मूर्ख म्हणायला एक ओळ लिहिली. माफीची एकबी लिहिली न्हाई."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळा उघडताच समितीचं प्रमाणपत्र आलं. कु. पंचशीला हिची 'विशेष बाब म्हणून' सातवी सदस्य म्हणून नोंद घेण्यात येत आहे. शिबिर सुरू होऊन दहा दिवस झाले होते. मुख्याध्यापकांना प्रार्थनेच्या वेळी ते सर्वांसमोर द्यायचं होतं. पंचशीलाने ते हातात घेतलं, वाचलं आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"विशेष बाब न्हाई, सर. माझे गुण एकसष्ट आहेत. यादीतल्या गुणांनी मी चौथी आहे. तसं लिहून आणा."

मुख्याध्यापक तिला दटावणार तोच जोहराबाई ओळीतून पुढे येऊन तिच्या शेजारी उभ्या राहिल्या.

जोहराबाईंनी त्याच दिवशी प्रमाणपत्र रजिस्टर्ड पोस्टाने परत केलं. सोबत पत्र जोडलं, त्यात फळ्यावरचे ते आकडे आणि शिवमूर्ती सरांची सही असलेल्या पानाची नक्कल. सात आठवडे उत्तर आलं नाही. मग नवं प्रमाणपत्र आलं : गुण एकसष्ट, क्रमांक चौथा, 'तपासणीतील चुकीमुळे आधीची यादी सदोष होती.' त्यासोबत शिवमूर्ती सरांचं स्वतःचं वेगळं पत्रही होतं, दोन ओळींचं. शिबिर तोवर कधीच संपलं होतं.

पंचशीला कागद घेऊन घरी गेली. पंचफुलाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी लेकीकडून सदोष हा शब्द दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, तो दोष कुणाचा, तेबी लिहिलंय का. पंचशीला म्हणाली, लिहिलंय. मग शिवमूर्ती सरांच्या पत्रातल्या माफीच्या दोन ओळी तिने आईला मोठ्याने वाचून दाखवल्या, आणि पुण्याला जायचं राहिलं म्हणून पहिल्यांदाच रडली.