एकोणिसावी ओळ

यंदा मच्छीमार ओळखपत्र मिळालं नाही तर पंचफुलाला ते कधीच मिळणार नव्हतं. नवीन नोंदणीची वयोमर्यादा अठरा ते साठ. आधारवर तिचं वय साठ, म्हणजे पुढल्या वर्षी पत्ता कट. आणि तलावात ठेका सुरू झाल्यापासून ओळखपत्राशिवाय जाळं टाकू देत नव्हते. नवरा गेल्यावर तिनं मासोळी धरण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं.

म्हणून मच्छीमार संस्थेचे सचिव भूपेंद्र यांच्या दारात ती चारदा जाऊन आली. "काकी, तुमचं नाव पक्कं," असं त्यांनी चारही वेळा सांगितलं. भूपेंद्र शब्दाला जागणारा माणूस होता. फक्त कोणत्या शब्दाला, हे ऐनवेळी ठरायचं.

ओळखपत्रासाठी संस्थेची यादी सरकारी पोर्टलवर चढवायचा शेवटचा दिवस. आसगावच्या चौकातल्या ऑनलाइनच्या दुकानात भूपेंद्र शेजारी बसला आणि दुकानवाल्या रितानं एक्सेलची फाइल चढवली. पोर्टलचा नियम कडक: एका ओळीत जरी चूक असली तरी अख्खी फाइल परत. फाइल परत आली, सोबत ओळवार चुकांची यादी. रितानं तिची प्रिंट काढली.

ओळ ६: मोबाइल क्रमांक दहा अंकी नाही. खाते क्रमांकात अक्षर आहे.
ओळ ११: आधार क्रमांक ओळ ४ मध्ये आधीच आहे.
ओळ १९: वय ६१. मर्यादा १८ ते ६०.

"सहामध्ये दोन-दोन चुका," रिता म्हणाली. "हा कोण महाभाग?"

"राजकुमार. त्याले एक काम सांग, दोन बिघडवते." भूपेंद्रनं त्याला फोन लावून नंबर दुरुस्त करून घेतले. मग कागद हातात धरून, मासोळीचे वाटे पुकारावेत तसं पुकारू लागला. तो पुकारणार, रिता करणार. संस्थेत सगळी कामं अशीच चालत. पुकारणाऱ्यानं पाण्यात पाहायचं नाही, पाहणाऱ्यानं बोलायचं नाही.

"अकरा. मिथुन दोनदा भरला. उडव."

रितानं ओळ उडवली. खालच्या सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकल्या. कागदावरचे आकडे मात्र होते तिथंच राहिले.

"एकोणीस. बुधरामबुवा. वय झालं बुवाचं. उडव."

रितानं एकोणीस उडवली. नावाचा रकाना डावीकडे पडद्याबाहेर गेला होता, तिनं फक्त ओळीचा आकडा पाहिला. बुधराम सरकून अठराव्या ओळीत गेला होता. एकोणिसाव्यात, विसाव्यातून वर आलेली, पंचफुला होती.

फाइल पुन्हा चढवली. पुन्हा परत. ओळ १८: वय ६१.

"आता हा कोण?" रितानं रकाना सरकवून पाहिलं. "भाऊ, बुधराम. पण बुधराम तर आत्ताच काढला ना?"

"दोनदा भरला असंन, मिथुनसारखा. उडव लवकर, लाइट जाते."

बुधराम दोनदा असता तर पोर्टलनं मिथुनसारखंच त्यालाही पकडलं असतं. पण एवढा विचार करायला माणसाला घाई नसावी लागते.

तिसऱ्यांदा हिरवं अक्षर उमटलं: त्रुटी शून्य. भूपेंद्रनं चहा सांगितला. यादी कुलूपबंद झाली. ओळी किती गेल्या ते कुणी मोजलं नाही. पोर्टल आहे त्या ओळी तपासतं, नसलेल्या ओळीत त्याला चूक दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पंचफुला दुकानातच आली. भूपेंद्रही होता.

"माहं नाव दाखव ना, रिता."

रितानं यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. मग भूपेंद्रकडे पाहिलं. कालचा कागद काढला, त्यावर बोट ठेवलं आणि काय झालं ते हळूहळू सांगितलं.

भूपेंद्रनं तालुक्याला फोन लावला. पलीकडचा साहेब सभ्य होता. म्हणाला, "कोणत्या ओळीत त्रुटी आहे ते कळवा, तेवढी ओळ उघडून देतो."

"साहेब, ओळच नाही."

"मग काय उघडू?"

फोन ठेवल्यावर भूपेंद्र म्हणाला, "पोर्टलच बेकार आहे, काकी."

"पोर्टलनं तं मले काढलं नाही, बाबू. त्यानं बुधरामले काढ म्हटलं होतं."



"माह्यात चूक कोणती होती, ते तरी पाहून दे," पंचफुला रिताला म्हणाली.

यादी बंद झाली तरी फाइल चढवण्याआधी तपासून पाहायची सोय चालू होती. रितानं कोऱ्या फाइलमध्ये तिची एकटीची ओळ भरली आणि तपासायला टाकली. क्षणात उत्तर आलं.

ओळ २: त्रुटी नाही.

"दोन काहून? मी तं एकटीच आहो."

"पहिली ओळ रकान्यांच्या नावांची असते, काकी."

"बरं. तेवढा कागद दे."

रितानं प्रिंट काढली. पंचफुलानं ती उलटसुलट पाहिली.

"याच्यावर नाव नाही माहं."

"नाव येत नाही काकी त्याच्यावर. फक्त ओळ येते."

तिनं कागदाची घडी घातली आणि तलावाचा रस्ता सोडून घराकडे निघाली.