आता ‘पण’ येईल

झारेंबा सरांनी खातुनाचा कागद परीक्षेच्या मधेच हिसकावून घेतला. ध्वनिफीत अजून चालू होती. पोलंडमधल्या लुब्लिनच्या आमच्या वर्गात परदेशी मुलांना विद्यापीठाआधी वर्षभर पोलिश शिकवतात. त्यांना व्याख्यान ऐकून टिपणं कशी काढायची हे मी शिकवते. ही शेवटची परीक्षा होती. सर परीक्षाप्रमुख.

फितीतला आवाज सांगत होता, ‘करकोचे कमी झाले ते घरट्यांच्या जागा गेल्यामुळे, असंच आजवर बहुतेक अभ्यासक मानत आले आहेत.’ खातुनानं हे टिपून त्याखाली आधीच लिहून टाकलं होतं: ‘पण! आक्षेप.’ फितीत आक्षेप त्यानंतर आले.

परीक्षा संपल्यावर सरांनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं.

“लुद्विकाबाई, परीक्षेची फीत आधीच बाहेर फुटली आहे. तुमच्या विद्यार्थिनीला पुढचं आधीच ठाऊक होतं.”

“ठाऊक नव्हतं सर, ओळखलं,” खातुना म्हणाली. ती जॉर्जियातल्या कुताइसीची. जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणून आली होती. आवाज खाली करायचा असतो, हे तिला कुणी शिकवलेलं नसावं.

“ओळखलं? परीक्षा म्हणजे जुगार आहे का? आमची भाषा धड बोलता येत नाही आणि म्हणे ओळखलं!”

माझं डोकं सणकलं. “सर, हेच तर मी शिकवते. ‘बहुतेक जण असं मानत आले आहेत’ म्हणणारा माणूस शंभरातल्या नव्वद वेळा पुढे ‘पण’ म्हणतो. मुलांना सगळे शब्द कळत नाहीत. वळण कळलं तर ती रस्ता सोडत नाहीत.”

“हे ऐकायला छान आहे.”

“मग आत्ताच बघा ना,” खातुना म्हणाली. “तुम्ही व्याख्यान द्या. विषय तुमचा. हवं तिथे थांबा. पुढे काय करणार ते मी सांगते.”

सर हसले. ते मातीचे अभ्यासक. खुर्चीतच रेलून त्यांनी सुरुवात केली. “आमच्या भागातली तळी आटताहेत. वरवर पाहता दोष पावसाचा वाटतो.” आणि थांबले.

“आता ‘पण’ येईल. पावसाला तुम्ही सोडून देणार.”

“खरी कारणं तीन आहेत. पहिलं, शेतांमधले चर. ते पाणी ओढून नेतात.”

“मी वहीत एक, दोन, तीन असे आकडे घातले,” ती म्हणाली. “पहिल्याचं अजून काही सांगाल, नाहीतर दुसऱ्यावर जाल.”

“जाता जाता सांगतो, माझे आजोबा असे चर खणायचे.”

खातुनानं पेन टेबलावर ठेवलं. “हे लिहायचं नाही. तुम्ही परत मुद्द्यावर याल तेव्हा उचलेन.”

सरांचे कान लाल झाले. “असो. तर दुसरं कारण, विहिरींचा उपसा. एक उदाहरण घेऊ.” ते पुढे झुकले. “बोल! कुठल्या गावाचं?”

“ते मला कसं कळणार?”

“का? आता विद्या संपली?”

“उदाहरण येणार एवढंच मला कळतं, गाव नाही. गाव ज्याच्याकडे तुमच्या व्याख्यानाचा कागद आहे त्यालाच माहीत असेल.” तिनं टेबलावरच्या आपल्या उत्तरपत्रिकेवर बोट ठेवलं. “इथे बघा. ‘पण, आक्षेप’ आणि खाली सगळं कोरं. फीत फुटली असती तर मी आक्षेप लिहिले नसते? नुसतं ‘पण’ चोरायला कोण जातं, सर?”

मला हसू आवरेना. सरांनी गावाचं नाव सांगितलंच नाही. घाईघाईनं म्हणाले, “थोडक्यात काय, दोष माणसाचा.”

“तिसरं राहिलं.”

“काय?”

“कारणं तीन म्हणालात. दोनच झाली, आणि ‘थोडक्यात काय’ म्हणजे संपलं. वर्गात असते तर हात वर केला असता.”

सरांनी उत्तरपत्रिका पुन्हा एकदा पाहिली. मग म्हणाले, “ठीक आहे. तुला पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू देतो.”

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच खातुना म्हणाली, “नाही बसणार.”

“खातुना!” मी म्हटलं.

“का बसू, बाई? पुन्हा बसले म्हणजे पहिल्यांदा चोरी केली असा अर्थ होतो. फितीचा उरलेला भाग ऐकवा, माझा कागद द्या, आणि त्यालाच गुण द्या. नापास झाले तर घरी जाईन.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मी डीनकडे जाईन,” मी म्हणाले. “हिच्याबरोबर.” माझं कंत्राट दरवर्षी सरांच्याच सहीनं वाढतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागद तिच्याकडे सरकवला आणि फीत लावली. ती तिथेच टेबलाच्या कडेला बसून लिहीत राहिली. नंतर सरांनी आमच्यासमोर लाल पेन काढलं. एका ठिकाणी साल चुकलं होतं. सरांनी तिथे पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं.

“चुकलंय,” ती म्हणाली. “कापा.”

त्यांनी गुण कापला. तरी ती चांगली पास झाली. कागदावर सही करून त्यांनी तो माझ्या हातात दिला. माफी मागितली नाही. खातुनानंही आभार मानले नाहीत. पिशवी खांद्याला अडकवून ती दार उघडं टाकून निघून गेली.