नितळ टोळी

'तलाव जलगुणवत्ता संनियंत्रण उपक्रम' हे नाव मीच ठेवलं होतं आणि मला त्यात काडीचंही वावगं दिसत नव्हतं. तलाव आहे, पाणी आहे, त्याची गुणवत्ता बघायची आहे, मग आणखी काय हवं? सूचनाफलकावर तो कागद पंधरा दिवस लटकला. विज्ञान मंडळाकडे दोन मुली आल्या. त्यातली एक चुकून आली होती, तिला चित्रकलेच्या वर्गात जायचं होतं.

घरी लेकीला सांगितलं तर ती सोफ्यावर आडवी होऊन हसली. "आई, हे नाव वाचून होईपर्यंत मधली सुट्टी संपते."

तिला काय जातंय हसायला! गेल्या उन्हाळ्यात शाळेमागच्या तळ्यात मासे मरून काठाला लागले. वर्गाच्या खिडक्या आठवडाभर बंद ठेवाव्या लागल्या. नगरपालिकेचे अभियंता आले, नाकाला रुमाल लावून काठावर उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, आधीचे आकडे आहेत का? म्हणजे हे अचानक झालं की हळूहळू, ते कळलं असतं." आकडे नव्हते. शाळेत नव्हते, त्यांच्याकडेही नव्हते. तेव्हाच मी ठरवलं की वर्षभर, दर शनिवारी सकाळी सातला, या तळ्याचे खरे आकडे घ्यायचे. पुढच्या वेळी कुणी विचारलं तर तोंडात मारल्यासारखं उभं राहायचं नाही.

पण त्यासाठी मुलं हवीत. दोरी धरायला एक, बाटली भरायला एक, लिहायला एक, आणि परीक्षा, ताप, मामाकडे जाणं यांतून उरणारी बाकीची. वर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, बजावून ठेवलं होतं, "दहा मुलं जमली तर शनिवारची प्रयोगशाळा तुमची. नाहीतर रोबोटिक्सवाले कधीचे मागे लागलेत."

म्हणून आठवी-नववीच्या मुलांना जमवून नाव बदलायची सभा बोलावली. ती माझी चूक नव्हती, असं मी आजही म्हणेन, पण तो तास मी माझ्या शत्रूलाही देणार नाही. वडापावच्या गाडीवर नसेल एवढा गोंधळ. एकाला 'पाणी पोलीस' हवं होतं. दुसऱ्याला 'मिशन शार्क'.

"अरे, आपल्या तळ्यात शार्क कुठून आणणार?" मी विचारलं.

"पण बाई, नाहीयेत असं आपण तपासलंय का?" ही आठवीतली मुलगी. प्रत्येक वाक्य 'पण बाई' पासून सुरू करते, म्हणून सगळी शाळा तिला पणबाई म्हणते. तीच ती, चित्रकलेऐवजी इकडे शिरलेली. नंतर परत गेलीच नाही.

मी डोक्याला हात लावला. चित्रकलेचे सर दारातून डोकावून सांगून गेले की नाव आखूड ठेवा, फाटकावरचा फलक फार रुंद नाही. शेवटी नववीचा कॅप्टन उठला. क्रिकेट संघाचा कॅप्टन, त्यामुळे तो बोलला की बाकीचे गप्प बसतात. मला वीस वर्षांत जमलं नाही ते.

"नितळ टोळी," तो म्हणाला.

बाकं वाजली. दोन मिनिटांत घोषणा तयार झाली, "आमचं तळं, नितळ तळं!" मधल्या सुट्टीत तेवीस नावं आली. तेवीस! मला तर आनंदाने घेरी यायची बाकी होती. फक्त पणबाई माझ्या टेबलापाशी घोटाळत राहिली.

"पण बाई, ते नितळ नाहीये ना."

"अगं, नाव आहे ते, निष्कर्ष नाही," मी म्हटलं आणि तिला वर्गात पिटाळलं.

पहिल्या शनिवारी मी स्वतः गेले. गावातला नाला तळ्याला मिळतो, त्या तोंडाशी उभे राहिलो. काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची आणि ती दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण वाचायची. जेमतेम दीड फुटावर ती गडप झाली. मग हातमोजे, चष्मे घालून ऑक्सिजनची चाचणी. बाटली पाण्याखालीच भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन औषधं घातली की ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ बसतो, नसेल तर पांढरा. मग तो गाळ आम्लात विरघळवायचा, स्टार्चने निळा करायचा, आणि निळा रंग जाईपर्यंत तिसरं औषध थेंब थेंब सोडायचं. एक थेंब म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. चार थेंबांत रंग गेला. चार म्हणजे मासे जगतात, पण सुखात नाही. तेवीस चेहरे असे पडले की जणू सामना हरले.

मग दहावीच्या सराव परीक्षा आल्या आणि शनिवारची सकाळ माझ्या हातातून गेली. खेळाचे सर मुलांबरोबर जायला तयार झाले. मी त्यांचे हात जोडून आभार मानले आणि पेपरांच्या गठ्ठ्यात बुडाले.

आकडे मात्र येत होते, आणि काय सुंदर येत होते! ऑक्सिजन आठ, मग नऊ, मग दहा. चकती चार फुटांपर्यंत दिसतेय. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी टोळीचं कौतुक केलं. संस्थेच्या अध्यक्षांना वार्षिक तपासणीत तळ्यावर न्यायचं ठरलं. फाटकावर फलक लागला: नितळ टोळी, आणि खाली हसणारा मासा.

पेपर तपासून झाल्यावर मी शिक्षकांच्या खोलीत चहा घेत ते आकडे नीट वाचले आणि चहा थंड झाला. ऑक्सिजन अकरा, पाण्याचं तापमान एकतीस. अहो, एकतीस अंशांचं पाणी हवेतून घेऊन घेऊन साडेसातच्या आसपास ऑक्सिजन धरतं. अकरा होतो तो हिरव्यागार शेवाळाने भर उन्हात ऑक्सिजन सोडला तर. आणि सकाळी सातला एकतीस अंश कुठले?

कॅप्टनला बोलावलं. तो आला तो घोषणेच्या थाटातच.

"किती वाजता जाता रे तुम्ही?"

"तीनला, बाई."

"आणि सात वाजता जायचं कुणाला सांगितलं होतं? मला?"

"सकाळी आकडा खराब येतो, बाई." त्याने हे अगदी सरळपणे सांगितलं. "आम्ही सगळं करून बघितलं. तीन वाजता सगळ्यात भारी येतो. आणि चकती नाल्याच्या तोंडाशी नाही टाकत, पलीकडच्या धक्क्यापाशी टाकतो. तिथे खोलपर्यंत दिसते. सरांना म्हटलं, सकाळी सामन्याचा सराव असतो, तर ते हो म्हणाले."

"अरे, पण हे खोटं झालं!"

"एकही आकडा खोटा नाही, बाई," तो दुखावून म्हणाला. "थेंब आम्ही तीन-तीनदा मोजतो. पण नितळ टोळीने चार लिहायचं कसं? मुलं हसतात आम्हाला. फाटकावर लिहिलंय ना, नितळ."

राग कुणावर काढावा कळेना. पोरांनी कष्ट घेतले होते, माझ्या दहावीच्या वर्गापेक्षा जास्त. फक्त ते कष्ट तळ्यासाठी नव्हते, नावासाठी होते. पाच शनिवारांचे आकडे होते आणि त्यातला एकही मला हवा तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, मी सगळ्यांना सातला तळ्यावर उभं केलं. झोपाळलेली, कुरकुरणारी, एकाच्या शर्टाची बटणं वरखाली. नाल्याच्या तोंडाशी बाटली भरली. कॅप्टननेच औषधं घातली आणि बाटली हलवून उभी धरली. गाळ खाली बसू लागला. तपकिरी नव्हता. फिकट, जवळजवळ पांढरा होता. कुरकुरणारी पोरं बाटलीभोवती वाकली.

"रात्रभर शेवाळं ऑक्सिजन देत नाही, घेतं," मी म्हटलं. "माशांना श्वास पहाटेही घ्यावा लागतो रे, फक्त तीन वाजता नाही."

थेंब मोजले. दोन. कॅप्टनने दुसरी बाटली भरली, पुन्हा मोजले. दोनच.

"पण बाई," पणबाई म्हणाली, "मग नावच बदला ना. असं ठेवा की वाईट आलं तरी चालेल."

"म्हणजे कसं?"

"आजोबांना भेटलं की सगळे विचारतात ना, काय म्हणताय? तसं. 'काय म्हणतंय तळं?'"

कुणी बाकं वाजवली नाहीत, तिथे बाकं नव्हतीच. पण एकाने दुसऱ्याला कोपर मारून हळूच विचारलं, "काय म्हणतंय तळं?" आणि दुसरा म्हणाला, "दोन म्हणतंय." तिसऱ्यानेही विचारलं. मला कळलं की हे टिकणार.

मोठ्या बाईंना पटवण्यात माझ्या नाकी नऊ आले. "अहो बाई, फलक लागलाय, अध्यक्ष शनिवारी येताहेत, आणि तुम्ही प्रश्न काय लटकवताय फाटकावर? उत्तर चांगलं आलं नाही तर?" मी म्हटलं, मॅडम, त्यासाठीच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उद्यापासून रोबोटिक्सच्या खोलीत टेबलं पुसायला जावं. चित्रकलेच्या सरांनी मात्र रंगाचा डबा उघडला. मासा तेवढा राहू दिला, हसणं पुसलं.

शनिवारी अध्यक्ष सकाळी सातला तळ्यावर आले, कपाळावर आठ्या घेऊनच, कारण एवढ्या लवकर त्यांना कुणी कधी बोलावलं नव्हतं. मुलं रांगेत. मोठ्या बाई हसतमुख. फलक वाचून अध्यक्षांनी सहज, मोठ्या माणसांनी लहानांशी बोलावं तसं, कॅप्टनला विचारलं, "मग? काय म्हणतंय तळं?"

"गुदमरतंय, सर," कॅप्टन म्हणाला. "दोन थेंब."

मोठ्या बाईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, कारण ते काढायला त्यांना वेळ मिळाला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. सावरून घ्या, असं त्यांचे डोळे म्हणत होते. मी बाटल्या पुसत राहिले.

अध्यक्षांनी फिकट गाळाची बाटली हातात घेतली. "दोन म्हणजे काय, मासे मरणार पुन्हा?"

"मरू शकतात, सर."

"कधीपासून आहे हे असं?"

हाच तो प्रश्न, अभियंत्यांचा.  कॅप्टनला तीन वाजताचे अकरा सांगता आले असते. त्या आकड्यांवर त्याला शाबासकी मिळाली होती, साऱ्या शाळेसमोर.

"माहीत नाही, सर," तो म्हणाला. "पहिल्या शनिवारी चार होता. मग पाच शनिवार आम्ही दुपारी आलो, मुद्दाम, चांगला आकडा यावा म्हणून. ते पाच शनिवार गेले. आता सकाळी येतो."

आठवडाभर मी या पोरावर चिडून होते. त्याला ओरडायचं काय ते मनात तयारही होतं. आता त्यातलं काहीच बोलायचं उरलं नव्हतं. मी त्याच्या हातात दुसरी रिकामी बाटली दिली, आणि तो धक्का सोडून नाल्याच्या तोंडाकडे चालू लागला.