अंगठ्यामागची रेघ

तिला घरी घाईबाई म्हणत. नाव वडिलांनी ठेवलेलं, आणि ते तिला अगदी चपखल बसलं होतं. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं ती पुरं करून मोकळी व्हायची. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं, त्यामुळे दहाव्या वेळेचं कुणी मनावर घेत नसे. ती स्वतः तर मुळीच नाही.

त्या दिवशी दुपारी चार वाजता तिचं अ‍ॅप बाहेर पडणार होतं. एका रुग्णालयासाठी केलेलं, घरी परतलेल्या म्हाताऱ्या रुग्णांना औषधांची आठवण करून द्यायला. वर तीन टॅब, सकाळ, दुपार आणि रात्र. खाली त्या त्या वेळच्या गोळ्यांचे मोठे फोटो. अंगठ्याने पान सरकवलं की टॅबखालची निळी रेघ अंगठ्याबरोबर सरकायची. पान अर्धं सरकलं तर रेघही अर्ध्या वाटेवर, आणि ‘दुपार’हून ‘रात्र’ हा शब्द लहान म्हणून तिकडे जाता जाता ती आखडतही जायची. ही रेघ घाईबाईने केली होती. डिझायनर बाईंनी पाहिली आणि म्हणाल्या, "अगं, लोणी आहे हे नुसतं!" मग त्यांनी पानावरचं मोठं शीर्षकही काढून टाकलं. रेघ सांगतेच आहे, तर तेच दोनदा कशाला सांगायचं?

एकच खडा दाताखाली येत होता. ऑफिसात टेस्टिंग करणारा एक गृहस्थ होता, सगळे त्याला शंकासुर म्हणत. त्याने मागे एक तक्रार नोंदवली होती, की जिना चढता चढता अ‍ॅप वापरत होतो, एकदा रेघ पुढच्या टॅबवर गेली आणि पान मागेच राहिलं. घाईबाईने खूप वेळा सरकवून पाहिलं. हळू, जोरात, अर्ध्यावर सोडून. एकदाही तसं झालं नाही.

"तू जिना चढताना अ‍ॅप वापरतोस, त्यात माझ्या रेघेचा काय दोष?" ती म्हणाली होती.

"दोष नाही म्हणत. झालं, एवढंच म्हणतोय."

"पुन्हा करून दाखव."

त्याला दाखवता आलं नाही. तिने तक्रारीवर ‘पुन्हा घडत नाही’ असा शेरा मारून ती बंद केली. शंकासुराचा चेहरा मात्र तिला अधूनमधून आठवत राहिला.

जेवणाची सुट्टी संपत आली होती तेवढ्यात आईचा फोन आला.

"तू घरी येतेस का गं? घाबरू नकोस. बाबा बाथरूमच्या दारात बसलेत. चक्कर आली म्हणतात. हात गार पडलेत."

घाबरू नकोस म्हटल्यावर कुणी घाबरायचं थांबलंय का कधी? ती पर्स तिथेच टाकून निघाली. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की चप्पल ऑफिसातली, टेबलाखाली ठेवलेली जुनी घातली आहे.

घरी पोचली तोवर डॉक्टर आले होते. शेजारच्या इमारतीतले, घरोब्याचे. बाबा पलंगावर पडले होते, पायांखाली दोन उशा. ओठ पांढुरके. डॉक्टरांनी दंडावरचा पट्टा सोडला.

"रक्तदाब बराच खाली गेलाय. सकाळची रक्तदाबाची गोळी दोनदा घेतली का यांनी?"

"छे हो," आई म्हणाली. मग तिने औषधांचा डबा उघडून पाकीट उजेडात धरून गोळ्या मोजल्या. "एक कमीच आहे की. सकाळी मीच पाणी दिलं होतं. दुपारी ते म्हणाले, मी माझं बघून घेतो."

दुपारच्या गोळ्यांचं पाकीट जसंच्या तसं होतं. त्याला आज हातही लागला नव्हता.

"संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. मी दर तासाला येऊन बघतो. आकडा आणखी खाली गेला तर सरळ रुग्णालय," असं सांगून डॉक्टर गेले. आई त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेली.

बाबांचा फोन उशाशीच होता. आठवड्यापूर्वी मोठ्या कौतुकाने घाईबाईने स्वतःच त्यात हे अ‍ॅप घालून दिलं होतं, सगळ्यांच्या आधी. तिने फोन उचलला. पडदा उजळला.

रेघ ‘दुपार’च्या खाली होती. अगदी सरळ, नीटस, लोण्यासारखी. आणि खाली फोटो होते सकाळच्या गोळ्यांचे.

ती पलंगाच्या कडेवर टेकली आणि टीमच्या प्रमुखाला, लीडला, फोन लावला.

"चारचं थांबवा. रेघ चुकतेय. माझ्या बाबांनी सकाळच्या गोळ्या दुपारी परत घेतल्या."

लीडने आधी विचारलं, "कसे आहेत ते?"

"झोपवलंय. शुद्धीवर आहेत."

"हे बघ, थांबवतो. पण रुग्णालयाची माणसं उद्यापासून रुग्णांच्या फोनांत अ‍ॅप घालून द्यायला बसणार आहेत, त्यांना काय सांगू? का होतंय ते कळलं का?"

"नाही."

"मग एक तरी व्हिडिओ पाठव. नाहीतर आज थांबवीन, आणि उद्या तसंच बाहेर पडेल. एका फोनवर एकदा झालं, यावर कुणी किती दिवस थांबणार?"

तो चुकीचं बोलत नव्हता, तिनेही शंकासुराला हेच ऐकवलं होतं. तिने बाबांच्या फोनवर पान सरकवलं. रेघ शहाण्यासारखी मागे मागे आली. पुन्हा सरकवलं. पुन्हा. तिच्या अंगठ्याला रेघ काही केल्या चुकून दाखवीना.

"काय... शोधतेस?" बाबांनी डोळे उघडले होते.

बाबांना कंपवात होता. उभं आयुष्य त्यांनी टायपिंगचा क्लास चालवला, न बघता दहाही बोटं पळायची. आता चमचा तोंडाशी नेईपर्यंत निम्मं सांडायचं. बोलणंही तसंच झालं होतं, एक शब्द, मग थांबा, मग पुढचा.

"काही नाही. तुम्ही पडा."

"तो... चुकतोय का? फोन?"

ती जवळ सरकून म्हणाली, "बाबा, दुपारी कसं केलंत, ते दाखवता? जमेल? नाहीतर राहू दे. नकोच."

त्यांनी हात पुढे केला. तिने फोन त्यांच्या तळव्यात ठेवला, ‘सकाळ’ पुढे आणून दिली आणि आपल्या फोनचा कॅमेरा सुरू केला.

त्यांचा अंगठा काचेवर टेकला. थरथरला. पान सरकू लागलं आणि रेघही. पाव वाटेवर अंगठा अडला. घाईबाईचं बोट आपोआप पुढे गेलं, जरासा धक्का द्यायला. तिने ते मागे घेतलं. अंगठा पुन्हा हलला. अर्धी वाट झाली, मग अर्ध्याहून जास्त. तिथे बराच वेळ तो नुसता कापत राहिला. तिला आईची हाक ऐकू आली, तिने उत्तर दिलं नाही. मग बाबांनी अंगठा उचलला, आणि उचलता उचलता कंपाने तो तिळभर मागे झटकला गेला.

पान मागे, सकाळवर गेलं. रेघ पुढे, दुपारवर गेली.

तिला सगळं लख्ख दिसलं, आणि दिसलं तेव्हा लाज वाटली. अंगठा काचेवर असेतो रेघ पानाच्या मागे इमानाने चालत होती. पण अंगठा उचलल्यावर पान थोडं सरकून जागेवर बसतं, आणि जुन्या फोनांवर तेवढ्यात रेघ अडखळायची. ते वाईट दिसतं म्हणून घाईबाईने युक्ती केली होती. अंगठा उचलला की रेघेने पानाकडे बघणं सोडायचं, पान कुठे जाणार ते आपणच ओळखायचं आणि झोकात तिथे जाऊन थांबायचं. ओळखायचं कसं? अख्ख्या सरकण्याचा सरासरी वेग बघून, आणि वेग कमी असेल तर अर्ध्याच्या पुढे की मागे ते बघून. पान मात्र फक्त शेवटच्या क्षणी अंगठा कुठे वळला ते बघत होतं. धडधाकट माणसाचा अंगठा निघतो तिकडेच सुटतो, म्हणून दोघांचं उत्तर जुळायचं. जिन्यावर हिसका बसलेल्या शंकासुराचं जुळलं नाही. बाबांचं तर जुळणंच अवघड होतं. आणि हे अ‍ॅप जायचं होतं ते बाबांसारख्यांच्याच हातांत.

तिने व्हिडिओ लीडला पाठवला, शंकासुरालाही पाठवला. खाली लिहिलं, ‘तुझं खरं होतं. मी नीट बघितलं नाही.’ मग मांडीवर घरातला लॅपटॉप घेतला आणि ती युक्ती पुसून टाकली. आता शेवटपर्यंत, पान पुरतं थांबेपर्यंत, रेघेने पान कुठे आहे तेवढंच विचारायचं आणि तिथेच असायचं. जुन्या फोनांवर अडखळली तर अडखळू दे.

लीडचा निरोप आला. ‘पाहिलं. रुग्णालयाला मी कळवतो. नीट झाल्याशिवाय जाणार नाही. आणि पानावरचं शीर्षक परत घालायला सांगतो.’

डॉक्टर येऊन पट्टा बांधून गेले. आकडा थोडा वर आला होता. थोडाच. आई तोंड धुवायला गेली. खोलीत दोघंच उरले. घाईबाई बाबांच्या छातीकडे बघत बसली होती, वर, खाली, वर, खाली.

"मला..." बाबा म्हणाले.

पाणी, असं तिच्या ओठांवर आलं. पाणी, उशी, आईला बोलावू? तिने ओठ मिटून घेतले. बाबांचा जबडा थरथरत होता. शब्द कुठेतरी अर्ध्या वाटेवर होता. इतका वेळ ती कधी थांबली नव्हती.

"मला कळलं होतं," बाबा म्हणाले. "गोळ्या सकाळच्याच... दिसतायत. आईला... विचारणार होतो."

"मग?"

"मग रेघ बघितली. ती दुपारवर होती." त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले. ती थांबून राहिली. "म्हटलं, आपलं डोकं... आता चालत नाही. रेघ... आपल्या घाईबाईने केलीय."