दोन ठळक रेघा

कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा कंपनीचा नवा तक्ता जिन्याच्या वळणावर लागला त्या दिवशी तपासनीस बाईंच्या चौकटीसमोर सगळ्यांत जास्त गर्दी झाली. बाकीच्यांच्या चौकटीतून वर एकच ठळक रेघ जात होती, फार तर जोडीला एखादी तुटक. हिच्या डोक्यावर मात्र दोन, आणि दोन्ही ठळक.

"वा! तुम्ही तर थेट दोन्ही हातांनी वर ओढल्या जाणार," स्टोअरवाला म्हणाला.

"नाहीतर मधोमध फाटणार," ती म्हणाली. सगळे हसले. तीही हसली.

कंपनी दोनच गोष्टी बनवायची: नवजात बाळांना ऊब देणारे पाळणे आणि लशी थंड ठेवायची कपाटं. ती नोकरीला लागली तेव्हा कामानुसार विभाग होते. सगळे तपासनीस एका खोलीत, तपासणीप्रमुखांच्या हाताखाली. प्रमुखबाई कडक होत्या, पण शंका विचारली की उत्तर मिळायचं आणि ते शेवटचं असायचं. दुखणं एकच होतं. पाळणा डिझाइनकडून उत्पादनाकडे, तिथून तपासणीकडे असा रेंगाळत जायचा, आणि उशीर झाला की प्रत्येक खातं म्हणायचं, आमच्याकडून तर केव्हाच निघाला. अख्ख्या पाळण्याचा वाली कुणीच नव्हता.

म्हणून मोठ्या साहेबांनी कंपनी मधून चिरली. पाळण्यांची एक डिव्हिजन, कपाटांची दुसरी. प्रत्येकीचे डिझाइनवाले, खरेदीवाले, तपासनीस वेगळे. ती पाळण्यांकडे गेली, तिथले प्रमुख, ज्यांना सगळे पाळणेसाहेब म्हणत, त्यांच्या हाताखाली. माल झपाट्याने बाहेर पडू लागला आणि कुणाला विचारायचं हा प्रश्नच उरला नाही. पण तेच उपकरण दोन्हीकडे वेगळं विकत घेतलं गेलं, अडलं तर विचारायला शेजारी दुसरा तपासनीस उरला नाही, आणि एकदा दोन डिव्हिजनचे तापमापक सहज एका भांड्यात बुडवले तर दोघांचे आकडे जुळेनात.

मग आली मॅट्रिक्स, म्हणजे एका माणसाला दोन वरिष्ठ. कसं तपासायचं ते तपासणीप्रमुख सांगणार, काय आणि केव्हा ते पाळणेसाहेब. ती आखून देणाऱ्या सल्लागाराने दोघांपैकी एकाची रेघ तुटक काढायला सांगितली होती, म्हणजे मतभेद झाला तर कुणाचा शब्द वरचढ हे ठरलेलं राहील. पण तुटक रेघ घ्यायला दोघांपैकी एकही तयार होईना. मोठ्या साहेबांना भांडणाचा कंटाळा. त्यांनी दोन्ही ठळक केल्या.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही सासू आणि चुलतसासू अशा दोन होत्या. एक म्हणायची मीठ घाल, दुसरी म्हणायची थांब."

"मग तुम्ही काय करायचात?"

"उपाशी राहायचे."

नवरा म्हणाला, "दोघांना सांभाळून घे गं. या वर्षी कायम व्हायचंय तुला." ती पहिल्यापासून कंत्राटावर होती. नवऱ्याचं दुकान बसल्यापासून घर तिच्याच पगारावर चालत होतं, आणि कंत्राट संपत आलं की दर वर्षी तिची झोप उडायची. कायम व्हायला आता दोन्ही प्रमुखांची शिफारस लागणार होती.

एका इस्पितळाची पाळण्यांची मोठी ऑर्डर तपासणीला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की प्रमाण सेन्सरची फेरतपासणीची मुदत उलटून गेली आहे. सगळ्या पाळण्यांचं तापमान त्याच्याशी ताडून बसवायचं. तो बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायचा तर माल नेणारी गाडी चुकणार होती.

पाळणेसाहेब म्हणाले, "मुदत कागदावरची. काल बरोबर होता तो आज बिघडला का? सही करा, माल जाऊ द्या."

प्रमुखबाई म्हणाल्या, "त्या सेन्सरवर माझ्या खात्याची सही होणार नाही."

तिने दोघांना एकत्र गाठायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत दोघांना कँटीनच्या एकाच टेबलावर बसवलं आणि सरळ विचारलं, "मी कुणाचं ऐकू?"

"छे, ऐकायचं काय त्यात," पाळणेसाहेब बाईंकडे बघून गोड हसले. "बाई माझ्यापेक्षा अनुभवी आहेत."

"आणि ऑर्डर साहेबांची आहे," बाई म्हणाल्या. "मी कोण मध्ये येणार?"

"म्हणजे थांबवू?"

"तसं मी म्हटलेलं नाही," साहेब म्हणाले.

"मग पाठवू?"

"तसं मीही म्हटलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही समंजस आहात. समन्वय साधा."

दोघं आपापली ताटं उचलून दोन दिशांना गेले.

ती वर मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला. "मीच ठरवायचं तर मॅट्रिक्स कशाला केली? निर्णय खाली व्हायला हवेत."

खाली म्हणजे तीच होती. तिच्याखाली फक्त फरशी.

तिने माल थांबवला. सेन्सर प्रयोगशाळेतून परत आला तेव्हा सोबतच्या अहवालात लिहिलं होतं की तो खऱ्यापेक्षा अर्ध्या अंशाने कमी तापमान दाखवत होता. म्हणजे त्याच्यावर भरवसा ठेवून बसवलेला प्रत्येक पाळणा तेवढा जास्त तापला असता. आत कमी दिवसांची, कमी वजनाची बाळं असणार होती. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्यापाठोपाठ, तिला लाज वाटेल इतका, आनंद झाला. आता तरी दिसेल सगळ्यांना.

इस्पितळाने उशिरामुळे ऑर्डर रद्द केली.

शिफारशीचा निकाल सांगायला मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते खुशीत दिसत होते.

"पाळणेसाहेब म्हणतात, तुम्ही त्यांची आज्ञा मोडलीत. ऑर्डर गेली."

"आणि प्रमुखबाई?"

"त्या म्हणतात, नियम स्वच्छ होता, तरी तुम्ही विचारत फिरलात. त्यांना डावलून माझ्यापर्यंत आलात. तपासनीस असा डळमळीत चालत नाही."

"पण सर, सेन्सर खरंच बिघडलेला होता."

"ते कुठे कोण नाकारतंय?" साहेब म्हणाले. "पण बघा ना, तक्ता लागल्यापासून या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालंय. तेही तुमच्या बाबतीत. मी कसं मोडू?"

ती पाळणेसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, "अहो, मी तर नुसतं माझ्या बाजूचं लिहिलं. बाईंनी उचलून धरलं असतं तर झालं असतं." बाई म्हणाल्या, "माझा शब्द अर्धाच गं. साहेबांनी जोर लावायला हवा होता." भांडायचं तर कुणाशी? दोघंही खरं बोलत होते, अर्धंअर्धं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चार ओळींचा राजीनामा लिहिला आणि आस्थापनेतल्या कारकुनापुढे ठेवला. त्याने तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

"हा कुणाच्या नावे?"

"कंपनीच्या."

"तसं नाही चालत आता. दोन्ही प्रमुखांनी मंजूर करायला लागतो."

पाळणेसाहेबांनी उभ्याउभ्याच सही केली. प्रमुखबाईंनी कागद वाचून परत सरकवला. "शक्यच नाही. सगळे सेन्सर नव्याने ताडायचेत, ते कोण करणार? तुझ्याइतकं नेमकं काम कुणाचं आहे?"

"हे शिफारशीत लिहिलं होतंत का?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. "तो वेगळा विषय आहे."

कारकुनाने अर्ध्या सहीचा राजीनामा टाचणी मारून ठेवून दिला. नामंजूर नाही, मंजूरही नाही, म्हणाला. कंत्राट संपेपर्यंत येत राहा, नाहीतर राहिलेला पगार अडकेल.

ती तपासणीच्या खोलीत गेली, ॲप्रन चढवला आणि पहिला सेन्सर पाण्यात सोडून आकडा स्थिर व्हायची वाट बघत उभी राहिली.