घाटात लागलेला मिसकॉल

धाकटीचा फोन आला तेव्हा कंडक्टरताईच्या हातात सुट्ट्या पैशांची मूठ होती आणि काखेत तिकिटाचं मशीन. बस घाटाच्या पायथ्याचा थांबा सोडून नुकतीच चढाला लागली होती. ड्युटीवर असताना ती शक्यतो फोन घेत नसे, पण धाकटी जाऊ दुपारच्या तीन वाजता उगाच फोन करणारी नव्हती.

"ताई, आग!" पलीकडून धाकटी धापा टाकत ओरडली. "बांधावरचं गवत पेटलंय! वाऱ्यानं सगळं आपल्या लिंबांकडे येतंय!"

"मोटर चालू कर ना!"

"कशी करू? पेटी विहिरीवर, मधे सगळा जाळ! आबांनी वरच्या वाल्वला लांब पाइप लावलाय, हातात धरून उभे आहेत, पाण्याचा टिपूस नाही. तुम्ही मिसकॉल द्या, माझा नवा नंबर पेटीत घातलेलाच नाही..."

एवढ्यात फोन मेला. म्हणजे फोन जिवंत होता, रेंज मेली. पहिल्या वळणापासून घाटमाथ्यापर्यंत ताईच्या कार्डाला कधीच रेंज नसायची, हे तिला गेली सहा वर्षं पाठ होतं.

तीनशे लिंबाची झाडं! तीन वर्षांपूर्वी तिनं आणि धाकटीनं आपल्या हातांनी लावलेली, खांद्याएवढी झालेली, यंदा पहिल्यांदा फुलावर आलेली. ताई दिवसभर बसमध्ये, नवरा आणि दीर दोघंही लांबच्या गाड्यांवर, घरी धाकटी आणि सासरे आबा एवढीच. म्हणून तर तिनं हट्टानं विहिरीवरच्या स्टार्टरला मोबाइलची पेटी बसवून घेतली होती. पेटीत एक सिमकार्ड. नोंद असलेल्या नंबरावरून त्या कार्डाला मिसकॉल दिला की पेटी तो कॉल कापते आणि मोटर सुरू करते. पुन्हा दिला की बंद. काय झालं त्याचा मेसेज उलट पाठवते. नोंद दोनच नंबरांची होती, एक तिचा आणि एक धाकटीचा. पण धाकटीचा फोन गेल्या आठवड्यात विहिरीत वाकून बघताना सरळ पाण्यात गेला होता. नवं कार्ड, नवा नंबर. "रविवारी घालू की पेटीत," असं ताईच म्हणाली होती. आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

तरी तिनं मिसकॉल लावला. फोन नुसता टूं टूं करून गप्प. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"काय झालं हो ताई?" पुढच्या सीटवरच्या शिंपीकाकांनी विचारलं. गळ्यातली टेप काढायचं विसरूनच ते दोरे आणायला शहराकडे निघाले होते.

ताईनं दोन वाक्यांत सांगितलं आणि अख्खी बस जागी झाली. ज्याच्या त्याच्या हातात फोन. "मला नाही रेंज." "मलापण नाही." "माझं तर कार्डच बंद पडलंय." ड्रायव्हरभाऊंनी आरशातून बघत हाक दिली, "मागं फिरू का?"

"कुठं फिरताय एवढ्या अरुंद रस्त्यात! वर चला, जमेल तेवढ्या लवकर."

"माझ्यावर एक काडी दिसतेय," शिंपीकाका म्हणाले. त्यांचं कार्ड दुसऱ्या कंपनीचं होतं. "लावा मिसकॉल माझ्यावरून!"

ताईनं नंबर फिरवला. फोन दोनदा लागता लागता तुटला. आणि लागला असता तरी काय उपयोग? काकांचा नंबर पेटीला परका. परक्याच्या मिसकॉलकडे ती ढुंकूनही बघत नाही. मग ताईच्या डोक्यात वीज चमकली. पेटी बसवताना इलेक्ट्रिशियननं सांगितलं होतं, नंबर कुणाचाही असो, मेसेजमध्ये पासवर्ड बरोबर असला की ती ऐकते. आणि मेसेजला एक काडीही पुरते. कॉल तुटतो, मेसेज कसाबसा वाट काढतो.

"काका, मेसेज लिहा! चार शून्य सात दोन, मग एक जागा सोडा, मग इंग्रजीत ऑन!"

पासवर्ड आठवायची गरजच नव्हती. तिच्या छातीवरच्या बिल्ल्याचाच नंबर तो, धाकटीलाही कधी न सांगितलेला. मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "अहो, पासवर्ड असा सगळ्यांदेखत सांगतात का?"

"आग सगळ्यांदेखत लागलीय ना!" ताई ओरडली.

काकांनी जाड बोटांनी टाइप केलं, पाठवलं. वळण गेलं, दुसरं गेलं, आणि टिंग! काकांनी चष्मा वर करून वाचलं, "राँग पासवर्ड."

बसभर "अरेरे" पसरलं. "असं कसं?" ताईनं फोन हिसकावूनच घेतला. बघते तर काकांच्या फोनवर मराठी कीबोर्ड, आणि मेसेजमध्ये ठळक देवनागरीत ४०७२.

"काका! त्या पेटीला मराठी आकडे कळत नाहीत हो!"

"मग मराठी माणसाच्या विहिरीवर ती करते काय?" काका चिडून म्हणाले. पण ताईनं तोवर कीबोर्ड बदलला होता. इंग्रजी आकडे, जागा, ऑन. पाठवा. मेसेजशेजारचं चाक गोल गोल फिरत राहिलं. तेवढ्यात कडा आडवा आला आणि काडी गेली. ड्रायव्हरभाऊंनी बस जराशी बाहेरच्या अंगानं घेतली. काडी आली. मेसेज गेला.

ताई दांडा धरून उभी, डोळे त्या छोट्या पडद्यावर. तिला दिसत होते आबा, कोरडा पाइप हातात धरून जाळाकडे तोंड करून उभे. सत्तरीचा म्हातारा, मागं हटणारा नव्हेच.

टिंग!

"मोटर ऑन!" तिनं वाचलं आणि तिचा आवाज फाटला. "तिन्ही फेज बरोबर, नऊ अँपियर! मोटर चालू झाली!"

बसमध्ये जो गलका झाला! मागच्या बाईंनी टाळी वाजवली, कुणी शिट्टी मारली, ड्रायव्हरभाऊंनी रिकाम्या रस्त्यावर उगाचच हॉर्न दिला. शिंपीकाका तर असे छाती काढून बसले, जणू विहीर त्यांनीच खणली होती. अनोळखी माणसं एकमेकांना सांगू लागली, नऊ अँपियर म्हणजे मोटर पाणी ओढतेय बरं का, कोरडी फिरली तर आकडा खाली येतो आणि पेटीच तिला बंद करते.

पण शेतात काय चाललंय ते कुणाला कळणार? ताईला एका जागी उभं राहवेना. घाटमाथा जवळ आला, शेवटचं वळण सरलं, आणि तिच्या स्वतःच्या फोनवर एकदम चार काड्या उगवल्या. इतका वेळ तिचा अंगठा ज्या नंबरावर नुसता वळवळत होता, त्यावर तो आपसूक पडला. रिंग गेली. एक, दोन, आणि कट.

"हं, लागला एकदाचा!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या क्षणी तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?"

"मी... मी मोटर बंद केली!"

मोटर चालू असताना दिलेला मिसकॉल म्हणजे बंदचा हुकूम. तिच्याच फोनवर मेसेज आला: मोटर ऑफ. तिनं लगेच पुन्हा मिसकॉल दिला. उत्तर आलं: थांबा, साठ सेकंद. बंद झालेली मोटर पेटी लगोलग सुरू करत नाही. पाइपातलं पाणी मागं येतं, मोटरवर ताण पडतो, म्हणून मिनिटभर दम घेते. इलेक्ट्रिशियननं हे कौतुकानं सांगितलं होतं. आता त्या कौतुकाची तिला शिसारी आली.

"साठ सेकंद! तेवढ्यात तिकडं राख होईल!"

ड्रायव्हरभाऊंनी बस कडेला घेतली, मनगट वर धरलं आणि घड्याळाकडे बघत मोठ्यानं मोजायला लागले. दहा... वीस... सगळी बस त्यांच्याबरोबर मोजू लागली. चाळीस. पन्नास. साठ. "घाई नको," काका म्हणाले, "आणखी पाच मोजा." पासष्टला तिनं रिंग दिली. एक, दोन, कट. मग फोन सीटवर पालथा ठेवून हात मागं बांधून उभी राहिली. तिचा स्वतःच्या बोटांवर काडीचा विश्वास उरला नव्हता.

टिंग. मागच्या बाईंनी फोन उलटा केला. "ऑन! ऑन आहे ताई!"

आणि दोनेक मिनिटांनी धाकटीचा फोन आला.

"मधेच पाणी का तोडलंत?" धाकटी ओरडली. "मेलो होतो आम्ही!"

"चुकलं गं माझं! आबा कुठायत? ते सांग आधी!"

"इथंच आहेत. पाणी गेलं तसा पाइप टाकून कांबळं भिजवायला पळाले. मागच्या पाण्याचा चिखल झाला होता ना, त्यातच घोळलं आणि जाळावर घालत सुटले. शेजारचे दोघं फांद्या घेऊन आले. मग पाइपानं पुन्हा फुस्स केलं, हवा आली, आणि पाणी! ताई, पाणी असं उसळलं, मी पाइपासकट मागं फेकली गेले!" ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. "विझतंय. बांधाशीच विझतंय."

मग आबांनी फोन घेतला. फोनवर बोलणं त्यांना आवडत नसे. ते दर वेळी विहिरीत हाक मारल्यासारखं बोलत.

"थोरले, ऐक! बांधाकडची अकरा झाडं होरपळली. बाकीची ओलीचिंब आहेत. पाणी चालू राहू दे, राख धुमसतेय अजून. आणि आता तासभर त्या फोनला हात लावू नकोस!"

त्यांचा आवाज बसमधल्या शेवटच्या सीटपर्यंत गेला. सगळे हसले. ताई रिकाम्या सीटवर बसली. सहा वर्षांत ड्युटीवर ती पहिल्यांदा प्रवाशासारखी बसली असेल. डोळ्यांतलं पाणी गालावर आलं तरी तिनं पुसलं नाही. शिंपीकाकांनी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि स्वतःच्या फोनकडे बघत पुटपुटले, "मराठी आकडे चालत नाहीत म्हणे. बघून घेईन."

बस उताराला लागली. पंधरा मिनिटं उशीर झाला होता आणि कुणीही कुरकुरलं नव्हतं. बऱ्याच वेळानं मागच्या बाई खिडकीबाहेर बघून दचकल्या.

"अगंबाई, माझा घाटमाथ्याचा थांबा मागंच गेला की!"

ताई ताडकन उठली. "बस थांबली होती तेव्हाच उतरायचं ना बाई!"

"उतरणार होते," बाई म्हणाल्या, "पण तेव्हा मी पन्नासावर होते."