फिरून तिथंच

अण्णांच्या क्लासात नव्या मास्तराला पोरं एकच दिवस देतात. पटला तर उद्या बाकं भरतात, नाहीतर पोरं सरळ समोरच्या क्लासला. आज तो दिवस शुभदाचा होता. एम.एस्सी. झाल्यापासून तिला शिकवायचंच होतं, दुसरं काहीच नको होतं. आणि अण्णा हाताची घडी घालून शेवटच्या बाकावर.

सुरुवात झकास झाली. एका कुळातल्या सगळ्या वक्रांना काटकोनात छेदणारे वक्र शोधायचे होते. तिने y = ax² घेतलं. a काढून टाकला, उतार आला 2y/x. तो उलटा करून ऋण चिन्ह लावलं, –x/2y. इंटिग्रेट केलं आणि x² + 2y² = k, लंबवर्तुळं हजर. पोरं भराभर उतरवून घेत होती. शुभदाला तर हवेत चालल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात खारबावचा नवशा उठला. हा नमुना खोडी काढल्याशिवाय बसणाऱ्यातला नव्हे.

"मॅडम, y² = 4a(x + a) करा ना."

हे तिने आधी कधी सोडवलं नव्हतं. पण आता माघार कसली? उताराला p म्हटलं. 2yp = 4a, म्हणजे a = yp/2. तो घालून, y ने भागून आलं: y = 2xp + yp². आता p च्या जागी –1/p. p² ने गुणलं, पदं इकडची तिकडे केली आणि तिचा खडू थांबला. खाली तेच लिहिलं होतं. y = 2xp + yp².

"मॅडम, फिरून तिथंच आलं. बदलायचं राहिलं वाटतं," नवशा म्हणाला. बाकं खदखदली. खालच्या कापड कारखान्यात लूम धडधडत होते, वर तिची छाती. अण्णा खडू घ्यायला उठलेच.

तिने पुसलं, पुन्हा केलं. तेच. चिन्ह तपासलं, बरोबर. मग चुकलं कुठे? आणि एकदम लख्ख दिसलं. अगं बाई, चुकलंच नाहीये!

"समीकरण तेच, तर उत्तरही तेच," ती म्हणाली. ती वर्गाकडे वळली. "हे कूळ स्वतःलाच काटकोनात छेदतं. बघा." तिने a = 1 चा पॅराबोला काढला, उजवीकडे उघडणारा. मग a = –1 चा, डावीकडे उघडणारा. "दोघं भेटतात x शून्य, y दोन इथे. p = 2a/y. एकाचा उतार एक, दुसऱ्याचा उणे एक. गुणाकार?"

"उणे एक," पुढचं बाक म्हणालं.

नवशा फळ्यापाशी आला. त्या बिंदूवर दोन्ही स्पर्शिका ओढून त्याने काटकोनाचा लाकडी गुण्या लावून पाहिला. चपखल बसला.

"एकाच कुळातले, आणि एकमेकांना आडवे," तो पुटपुटला. "आमच्या चुलत्यांचं असंच हाय."

सगळा वर्ग हसला, शुभदाही. अण्णा खाली बसले होते, कधी ते तिला कळलंच नाही.

नवशाने वहीत दोन्ही पॅराबोला काढले, मग मान वर केली.

"मॅडम, उद्या किती वाजता यायचं?"